रुजू होण्यापूर्वीची शहानिशा

नाविक अधिकाऱ्याची जहाजावर नेमणूक करण्यापूर्वी त्याची सक्षमतेची सनद आणि वैद्यकीय दाखला मुदतीत आहेत की नाहीत एवढे पाहून घेतले की कंपनीच्या भरती विभागाचे काम संपले, असा जो समज या व्यवसायाबाहेरच नव्हे तर पुष्कळदा व्यवसायातही आढळतो, तो अर्धाच खरा आहे. या तपासणीत वस्तुतः तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: हातात आलेला कागद अस्सल आहे काय, तो या इसमाला या जहाजावर, या ध्वजाखाली, या हुद्द्यावर काम करण्याचा अधिकार देतो काय, आणि तो अधिकार कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकणार आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर किंवा दप्तरात सापडतात. तिसऱ्यासाठी पंचांग उघडून बसावे लागते. वैद्यकीय दाखल्याच्या बाबतीत मात्र या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तरी माणूस धडधाकट आहे असे त्यातून निष्पन्न होत नाही, आणि या विषयातली खरी अडचण तेथूनच सुरू होते.

जबाबदारी कोणाची, हे प्रथम स्पष्ट करणे इष्ट. दर्यावर्दींचे प्रशिक्षण, सनदा व पहारा यांसंबंधीचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्ये झाला व ज्यात १९९५ मध्ये आणि पुढे २०१० मध्ये मनिला येथे मोठे फेरफार झाले, त्याने सनद देण्याचे काम राज्यांवर सोपवले असले, तरी नेमलेल्या प्रत्येक दर्यावर्दीजवळ योग्य सनद असल्याची खातरजमा करण्याचे व तिचे दप्तर ठेवण्याचे ओझे कंपनीच्या शिरावर टाकले आहे. बंदरातील निरीक्षकाला जहाजावर अवैध सनद सापडली तर तो त्या अधिकाऱ्याची पात्रता जमेस धरत नाही, आणि मग किमान सुरक्षित मनुष्यबळाच्या दस्तऐवजात लिहिलेली संख्या अपुरी पडून जहाजच अडकते. २००६ च्या सागरी श्रम कराराने हेच कर्तव्य भरती करणाऱ्या मध्यस्थांवरही लादले. आपल्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थांनाच परदेशी जहाजांसाठी माणसे भरता येतात, आणि अशा संस्थांपैकी फार मोठा वाटा मुंबईत असल्यामुळे रत्नागिरीच्या किंवा गोव्याच्या मुलाची ही सारी तपासणी बहुधा मुंबईतल्याच एखाद्या कचेरीत होते.

अस्सलपणाचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. २००१ साली आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचे सरचिटणीस डेव्हिड कॉकरॉफ्ट यांनी, ज्यांना नौकानयनाचे कसलेही शिक्षण नव्हते, साडेचार हजार डॉलर मोजून पनामाच्या ध्वजाखाली प्रथम अधिकारी म्हणून काम करण्याची सनद स्वतःच्या नावे मिळवून दाखवली. या प्रकरणाचे मर्म असे की तो कागद छापखान्यात गुपचूप छापलेला नव्हता. अधिकृत कचेरीतूनच तो बाहेर पडला होता, आणि कोणी तिकडे पत्र पाठवून विचारणा केली असती तर ‘होय, ही सनद आमचीच’ असेच उत्तर आले असते. त्याच वर्षी कार्डिफ येथील संशोधन केंद्राने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेसाठी केलेल्या पाहणीत बनावट सनदांची बारा हजारांहून अधिक प्रकरणे नोंदवली गेली. म्हणजे फसवणुकीचे दोन वर्ग मानावे लागतात. पहिल्यात कागदच खोटा असतो, आणि त्याचा उलगडा सनद देणाऱ्या राज्याच्या नोंदीशी पडताळा घेतला की तत्काळ होतो. भारतीय दर्यावर्दीच्या बाबतीत त्याचा इंडॉस क्रमांक व जन्मतारीख हाताशी असली की महासंचालनालयाच्या नोंदीत त्याची सनद, तिचा वर्ग व मुदत पाहता येते. दुसऱ्या वर्गात कागद खरा असतो, पण तो ज्या आधारावर दिला गेला तो आधार, म्हणजे समुद्रावरील सेवा किंवा प्रशिक्षण, खोटा असतो. येथे नोंदीचा पडताळा निरुपयोगी ठरतो आणि अनुभवी कारकुनाची नजरच उपयोगी पडते.

ही नजर काय पाहते, ते सांगण्याजोगे आहे. दर्यावर्दीच्या सेवापुस्तकात, ज्याला आज सर्वजण सीडीसी म्हणतात व जुने खलाशी ‘नली’ म्हणत, प्रत्येक जहाजावर चढल्या-उतरल्याची तारीख आणि कप्तानाचा शिक्का असतो. अनुभवी कारकून त्या तारखा पारपत्रावरील शिक्क्यांशेजारी ठेवतो. ज्या दिवशी इसम सिंगापुरात जहाजावर चढल्याची नोंद आहे, त्या सुमारास भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का नसेल, तर प्रश्न उभा राहतो. अग्निशमनाच्या किंवा जीवरक्षणाच्या वर्गाचे प्रमाणपत्र ज्या आठवड्याचे आहे त्याच आठवड्यात तो अटलांटिकमध्ये असल्याचे सेवापुस्तक सांगत असेल, तर त्या दोन कागदांपैकी एक निश्चितच खोटा आहे, मग तो कोणता हे पुढे ठरो. जहाजाचे नाव बदलले तरी त्याचा सात अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक बदलत नाही. तो क्रमांक शोधून पाहिला की ज्या काळात तेथे सेवा केली म्हणून सांगितले जाते त्या काळात ते जहाज मोडीत तर निघाले नव्हते ना, हेही कळते. असल्या विसंगती हुडकण्यास यंत्रसामग्री नव्हे, एक दुपार लागते, आणि ती दुपार बहुधा मिळत नाही, कारण जहाज परवा बंदरातून सुटायचे असते. घाई ही या क्षेत्रातील बनावट कागदांची सर्वांत मोठी मैत्रीण आहे, असे माझे मत आहे.

अधिकाराच्या व्याप्तीकडे वळू. सनद माणसाला मिळते, परंतु ती अमर्याद नसते. तिच्यावर हुद्दा, जहाजाचे आकारमान, यंत्रांची शक्ती किंवा सागरी क्षेत्र यांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि तेलवाहू जहाजावर जायचे तर त्या प्रकारच्या मालासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. याखेरीज भारतीय सनद घेऊन दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली काम करायचे असेल तर त्या ध्वजराज्याने तिला मान्यता देणारे पृष्ठांकन काढावे लागते. हे पृष्ठांकन हातात येईपर्यंत माणसाला घरी बसवून ठेवू नये म्हणून करारात एक सवलत आहे: अर्ज दाखल केल्याचा लेखी पुरावा जहाजावर असेल तर तीन महिन्यांपर्यंत त्याला काम करू देता येते. ती देण्यामागचा हेतू कागदी विलंबाची भरपाई करणे हा असला, तरी व्यवहारात अनेक कचेऱ्या पोचपावतीलाच पृष्ठांकन समजून फाईल मिटतात, आणि तीन महिन्यांनंतर एखाद्या परक्या बंदरात निरीक्षक ती पावती उलटून तारीख मोजू लागला की धावपळ सुरू होते.

मुदतीच्या प्रश्नासाठी एक प्रकरण तपशिलाने मांडतो. ते कल्पित आहे, परंतु त्यातील प्रत्येक घटक नित्य घडणारा आहे. पनामाच्या ध्वजाच्या एका तेलवाहू जहाजावर द्वितीय अधिकारी हवा आहे. रत्नागिरीचा एक अधिकारी १ जून २०२४ रोजी सहा महिन्यांच्या करारावर चढण्यास तयार आहे, आणि करारात नेहमीप्रमाणे एक महिना मागेपुढे करण्याची मुभा आहे, म्हणजे तो ३१ डिसेंबरपर्यंत जहाजावर राहू शकतो. त्याची सनद १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, वैद्यकीय दाखला ३ नोव्हेंबरपर्यंत, आणि जीवरक्षण व अग्निशमनाची पाच वर्षांनी ताजी करावी लागणारी प्रमाणपत्रे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. १ जूनला पाहणाऱ्या माणसाला सर्व काही यथास्थित दिसेल. ३१ डिसेंबरवर बोट ठेवून पाहणाऱ्याला मात्र दिसते की करार संपण्यापूर्वी चारही कागद एकामागून एक निकामी होणार आहेत. आणि पनामाचे पृष्ठांकन जरी काढले, तरी मूळ सनद संपताच पृष्ठांकनही संपते, असा नियम असल्यामुळे त्याचाही आधार १५ ऑक्टोबरपलीकडे नाही.

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे चढण्यापूर्वी आठवडाभरात ताजी करून घेता येतात. वैद्यकीय तपासणी एका दिवसाची. खरी गाठ सनदेची आहे. सनदेचे नूतनीकरण मागताना माणसाने मागील पाच वर्षांत एकूण बारा महिने, किंवा नूतनीकरणापूर्वीच्या लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने, समुद्रावर सेवा केलेली असावी लागते. याशिवाय परीक्षा, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किंवा समकक्ष कामाचा मार्गही उपलब्ध आहे. आपल्या अधिकाऱ्याने या पाच वर्षांत सात महिनेच समुद्रावर काढले आहेत आणि नंतर तो किनाऱ्यावर मालतपासणीच्या एका कंपनीत होता. म्हणून आज, जूनमध्ये, सेवेच्या आधारावर त्याला नूतनीकरण मागता येत नाही. आणि तसेच चढू दिले तर ऑक्टोबरच्या मध्यावर त्याची सनद समुद्राच्या मध्यावर संपेल, ज्यासाठी वैद्यकीय दाखल्याला आहे तशी कोणतीही सवलत आंतरराष्ट्रीय करारात नाही. दोन्ही दारे बंद भासतात.

उत्तर लहान करारात आहे. त्याला १ जून ते ३० सप्टेंबर असा चार महिन्यांचा करार द्यावा, मागेपुढे करण्याची मुभा पंधरा दिवसांवर आणून ठेवावी, जीवरक्षण-अग्निशमनाचे वर्ग चढण्यापूर्वीच उरकावेत, पनामाच्या पृष्ठांकनाचा अर्ज मे महिन्यातच करून ते ऑगस्ट संपण्यापूर्वी हातात पडेल याची जबाबदारी एका नाव असलेल्या माणसावर टाकावी. ३० सप्टेंबरला तो उतरला की त्याच्याजवळ मागील सहा महिन्यांतील चार महिन्यांची सेवा असते, म्हणजे नूतनीकरणाची दुसरी अट पुरी होते, आणि सनद संपण्याआधी त्याला मुंबईत येऊन अर्ज करण्यास पंधरवडा उरतो. जहाजाला अधिकारी मिळतो व अधिकाऱ्याची सनदही वाचते. ज्या कंपनीच्या तक्त्यात केवळ ‘वैध’ व ‘अवैध’ अशी दोन घरे असतात, तिच्या लक्षात ही योजना येणे शक्य नाही. ती एक तर त्याला सहा महिन्यांसाठी चढवील, नाही तर परत पाठवील.

आता वैद्यकीय दाखला. याची कमाल मुदत दोन वर्षे, अठरा वर्षांखालील मुलासाठी एक वर्ष, आणि रंगज्ञानाच्या चाचणीची सहा वर्षे. सफरीच्या ओघात दाखल्याची मुदत संपली तर, पुढच्या ज्या बंदरात मान्यताप्राप्त वैद्य मिळेल तेथे पोचेपर्यंत, पण तीन महिन्यांपलीकडे नाही, तो चालू मानला जातो. ही तरतूद अडचणीत सापडलेल्या जहाजासाठी आहे. करार आखतानाच तीन महिने जमेस धरणे हा तिचा दुरुपयोग होय. सनदेप्रमाणेच येथेही दाखला देणारा वैद्य राज्याने मान्य केलेला आहे की नाही, हे प्रथम पाहावे लागते, आणि ज्याची तपासणी झाली तोच इसम समोर आहे काय हेही, कारण दुसऱ्याचे रक्त व दुसऱ्याचे डोळे घेऊन दाखला मिळवण्याचे प्रकार या धंद्याला अपरिचित नाहीत.

पण दाखल्याची सर्वांत दुर्लक्षित ओळ म्हणजे निर्बंधांची. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्या दरम्यान ‘या मर्यादेत योग्य’ हा एक मोठा प्रदेश आहे. एखाद्याला चष्म्यासहच योग्य ठरवले असेल तर जादा चष्मा बरोबर हवा. एखाद्याला किनाऱ्याजवळच्या जलक्षेत्रापुरते योग्य ठरवले असेल तर त्याला महासागर ओलांडणाऱ्या जहाजावर चढवणे म्हणजे अयोग्य माणूस चढवणेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व सागरी संघटना यांनी वैद्यांसाठी जी संयुक्त मार्गदर्शिका काढली, तिच्यात रक्तदाब वरचा १६० किंवा खालचा १०० च्या पुढे असेल तर तपास व उपचार होईपर्यंत माणसाला तात्पुरते अयोग्य ठरवावे असे सुचवले आहे. ‘तात्पुरते’ हा शब्द महत्त्वाचा, कारण औषधाने दाब आटोक्यात आला की तोच माणूस पुन्हा योग्य होतो, फार तर लवकरच्या तारखेस पुनर्तपासणीच्या अटीवर. अयोग्य ठरलेल्याला दुसऱ्या स्वतंत्र वैद्याकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क सागरी श्रम करारानेही दिला आहे, तथापि हा हक्क आहे हे त्याला सांगणारा मनुष्य भरतीच्या कचेरीत क्वचितच भेटतो.

त्या कचेरीत दाब कमी दाखवण्यासाठी तपासणीच्या सकाळी दुप्पट गोळी घेणारा खलाशी मात्र भेटतो. त्याला दोष देणे सोपे आहे. कायम वेतनावर नसलेला, करारामागून करार करणारा हा मनुष्य अयोग्य ठरला तर त्या दिवसापासून त्याचे उत्पन्न थांबते, आणि गावाकडचे कर्ज थांबत नाही. म्हणून जी व्यवस्था आजार उघड करणाऱ्याला उपाशी ठेवते तिने लपवणाऱ्यावर नैतिक प्रवचने देऊ नयेत. जहाजमालकांच्या परस्पर-विमा संघांनी, ज्यांना माणूस मध्य समुद्रात आजारी पडला की जहाज वळवण्याचा व माणूस घरी आणण्याचा खर्च भरावा लागतो, सरकारी दाखल्यापेक्षा कडक अशी स्वतःची नेमणूकपूर्व तपासणी आणली, ती याच लपवालपवीला उत्तर म्हणून. परंतु तपासणी जितकी कडक होते तितकी लपवण्याची हिकमतही वाढते, आणि वैद्याला रक्तात सापडत नाही असे पुष्कळ काही असते.

नोव्हेंबर २००७ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनरवाहू जहाज दाट धुक्यात बे ब्रिजच्या बुरुजाच्या संरक्षक कठड्याला धडकले आणि जहाजाचे इंधन पाण्यात सांडले. जहाज दिशा दाखवत नेणाऱ्या बंदराच्या पायलटाची वैद्यकीय पात्रता कागदोपत्री शाबूत होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासाअंती काढलेल्या निष्कर्षात, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या व बुद्धीची तरतरी मंदावणाऱ्या औषधांचा त्याच्या निर्णयशक्तीवर झालेला परिणाम हे एक प्रमुख कारण मानले, आणि त्याच्या प्रकृतीवर तटरक्षक दलाने ठेवलेली देखरेख अपुरी असल्याचेही नमूद केले. पायलट हा कंपनीचा नोकर नव्हता, हे खरे. तरीही या प्रकरणाने जे उघड केले ते प्रत्येक कंपनीला लागू पडते: दृष्टी, रक्तदाब, श्रवण यांचे आकडे दाखल्यावर उतरतात, रोज रात्री घेतली जाणारी गोळी उतरत नाही, ती माणसाने सांगावी लागते.

न्यायालयांनीही कागद व माणूस यांतील हे अंतर ओळखले आहे. ‘हाँगकाँग फर’ या जहाजाच्या १९६१ च्या प्रसिद्ध इंग्रजी निकालात, जुन्या यंत्रांच्या त्या जहाजावर यंत्रशाळेतील माणसे संख्येने अपुरी व कर्तबगारीने उणी होती, आणि मुख्य अभियंता तर मद्यासक्त होता, म्हणून जहाज सुरुवातीपासूनच समुद्रयोग्य नव्हते असे ठरले. मालवाहतुकीच्या हेग नियमांत, ज्यांच्यावर आपल्याकडचा १९२५ चा कायदा आधारलेला होता, जहाजावर योग्य माणसे नेमण्यात वाजवी दक्षता घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. माल बुडालेला व्यापारी उद्या विचारील तो प्रश्न ‘त्याच्याजवळ सनद होती काय’ एवढाच नसून ‘त्याच्या मागच्या जहाजावर तुम्ही चौकशी केली होती काय’ असाही असेल.

आणि खलाशी आजारी पडला तर विचारला जाणारा प्रश्न आणखी वेगळा असतो. सागरी श्रम करारानुसार नोकरीच्या काळातील आजारपणाचा खर्च मालकावर येतो; मात्र करार करताना जाणूनबुजून लपवलेल्या आजाराबाबत ही जबाबदारी नाकारण्याची मुभा राष्ट्रीय कायदा मालकाला देऊ शकतो. मधुमेहाचा खलाशी चौथ्या महिन्यात जहाजावर कोसळला की वाद याच शब्दांवर येऊन थांबतो, आणि तेथे निर्णायक ठरतो तो दाखला नव्हे, तर तपासणीच्या वेळी खलाशाने भरलेला पूर्वेतिहासाचा तक्ता: त्यात मधुमेहाचा प्रश्न होता काय, तो त्याला समजेल अशा भाषेत विचारला गेला काय, उत्तराखाली त्याची सही आहे काय, आणि वैद्याने ती प्रत जपून ठेवली आहे काय. मी पाहिलेल्या अनेक तक्त्यांत हा रकाना इंग्रजीत होता, सर्व उत्तरे एकाच उभ्या रेघेने ‘नाही’ म्हणून आखलेली होती, आणि ती रेघ खलाशाच्या नव्हे, तक्ता भरून देणाऱ्या मदतनिसाच्या शाईतली होती.